‘फायनल’ नावाच्या तीन फाइली

उर्दूतून मराठी अनुवादाचं काम मी घरातूनच करते, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. धाराशिव जिल्ह्यात हे काम कधी संपत नाही. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि महसुलाचं दप्तर उर्दूत चालत होतं. त्यामुळे कळंब, परंडा, भूम, उमरगा या भागांतून खासरा, वसूल बाकी, मुंतखब, शाळेचा दाखल-खारीज असे कागद घेऊन माणसं येतात. त्यात मुसलमान असतात, तसे मराठा, धनगर, लिंगायतही असतात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि जुन्या उर्दू कागदांची विचारपूस एकदम वाढली.

त्याच वर्षी माझी एक चूक उघडी पडली. ती अनुवादाची नव्हती, काम संपल्यावर फाइल कशी ठेवली त्याची होती. म्हणून या महिन्यात तेच सांगते.

२०१८ मध्ये कळंब तालुक्यातल्या एका शेतकरी काकांचं काम मी केलं होतं. भावकीत जमिनीचा वाद होता आणि आजोबांच्या नावाचा एक उर्दू कागद मराठीत हवा होता. त्यांनी आधी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. फोटो धूसर होता. साल मी फसली १३४२ असं वाचलं आणि अनुवाद टाइप केला. नंतर काका कचेरीतून काढलेली नक्कल घेऊन आले. ती भिंगाखाली धरल्यावर दिसलं की शेवटचा आकडा २ नसून ३ आहे. उर्दूत दोन आणि तीन हे आकडे अगदी सारखे दिसतात. दोनला वर एक दात असतो, तीनला दोन. फोटोत तो दुसरा दात पुसला गेला होता. म्हणजे साल १३४३. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात बदलायचं, म्हणून ते १९३३-३४.

मी त्या वेळी चौकातल्या डीटीपीच्या दुकानात प्रिंट काढत होते. दुरुस्ती तिथेच, पेन ड्राइव्हवरच्या फाइलमध्ये केली, प्रिंट काढली, सही-शिक्का मारला आणि काकांना दिली. दिलेल्या कागदात साल बरोबर होतं. घरच्या लॅपटॉपवरच्या फाइलीत मात्र १३४२ तसंच राहिलं, आणि त्या फाइलीचं नाव होतं ‘फायनल’. तिच्या शेजारी ‘फायनल २’ आणि ‘फायनल नवीन’ या फाइली होत्या. त्या आधीच्या कच्च्या वाचनाच्या होत्या.

पाच वर्षांनी काका पुन्हा आले. “ताई, तो कागद कुणबी नोंदीसाठी पुन्हा लागतोय. माझ्याकडची प्रत वकिलाकडं आहे. एक प्रत काढून द्या.” मी लॅपटॉप उघडला, ‘फायनल’ दिसली, प्रिंट काढली, सही केली आणि दिली. आठवड्याभरात वकिलांचा फोन आला. “ताई, हे दोन्ही अनुवाद तुमचेच. दोन्हींवर तुमचीच सही. मग एकात १३४२ आणि दुसऱ्यात १३४३ कसं?”

कागद खोटा नव्हता, माझं वाचनही शेवटी बरोबर ठरलं होतं. पण एकाच अनुवादकाच्या दोन सह्या दोन वेगळ्या सालांखाली असतील तर समोरचा वकील दोन्ही कागद फेकून देऊ शकतो. आणि त्यात काकांचं काय चुकलं?

कपाटात पडलेल्या जुन्या मोबाइलने सोडवलं. २०१८ मध्ये सही-शिक्क्याची प्रत स्कॅन करून मी काकांना व्हॉट्सॲपवर पाठवली होती. ती फाइल त्या मोबाइलच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये अजून होती. तिच्यावर साल १३४३ आणि माझी तारीख दिसत होती. ती प्रत आणि चूक कबूल करणारं माझं पत्र असं दोन्ही दिलं, तेव्हा प्रकरण मिटलं.

त्यानंतरच्या रमजानआधी मी दहा वर्षांची जुनी कामं आवरायला बसले. आवरता आवरता जे नियम तयार झाले ते सांगते. तुम्ही अनुवाद करा, टायपिंग करा की घरून कुणाचे हिशेब लिहा, घोळ याच जागी होतो.

दिलेली प्रत कोणती?

पहिली गोष्ट कळली ती ही की, लॅपटॉपवर जी फाइल आहे ती ‘दिलेली’ फाइल असेलच असं नाही. दिलेली प्रत म्हणजे जी घराबाहेर गेली ती. म्हणून जुनं काम आवरताना मी आता कामाच्या फोल्डरपासून सुरुवातच करत नाही. आधी बघते काय पाठवलं होतं ते. मेलने दिलं असेल तर जीमेलच्या शोधात असं टाकते:

```
in:sent has:attachment after:2018/04/01 before:2019/04/01
```

आर्थिक वर्षभरात मी पाठवलेल्या, जोडफाइल असलेल्या सगळ्या मेलांची यादी येते. एकेक उघडून ग्राहकाला गेलेली शेवटची फाइल उतरवून घेते. व्हॉट्सॲपने दिलं असेल तर मोबाइलच्या फाइल मॅनेजरमध्ये `WhatsApp Documents` आणि त्यातला `Sent` फोल्डर बघते. तिथल्या फाइलींची नावं `DOC-20180812-WA0003` अशी असतात. मधले आठ आकडे म्हणजे तारीख, त्यावरून काम ओळखता येतं. हे मोबाइल बदलण्याआधीच करायला हवं. व्हॉट्सॲप जुन्या फाइली आपल्याकडे कायम साठवून ठेवत नाही. मोबाइलमधली प्रत गेली की बहुतेक वेळा ती पुन्हा उतरत नाही.

सही-शिक्क्याचा अनुवाद असेल तर टाइप केलेली फाइल म्हणजे दिलेला कागद नव्हे. शिक्का मारलेल्या कागदाचं स्कॅन म्हणजे दिलेला कागद. आता कागद ग्राहकाच्या हातात जाण्याआधी त्याचं स्कॅन होतंच. आणि दुरुस्ती दुकानात केली तर तीच फाइल पेन ड्राइव्हवरून घरी येते आणि जुनीची जागा घेते.

उघडेल अशी प्रत

दिलेली फाइल सापडली तरी ती वाचता येईल की नाही हा पुढचा प्रश्न. माझी २०१३-१४ ची मराठी कामं श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये होती. नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, म्हणून फाइल उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांची खिचडी दिसते. उर्दूची कामं इनपेजमध्ये होती. त्या फाइली इनपेजशिवाय उघडत नाहीत आणि वर्डमध्ये टाकल्या तर अर्थ लागत नाही. मजकूर शाबूत असतो, पण वाचायला किल्ली नसते.

म्हणून ठेवायची प्रत पीडीएफच असावी, आणि तीही फॉन्ट आत गुंडाळलेली. लिबरऑफिसमध्ये पीडीएफ काढताना `Archive (PDF/A)` या ओळीपुढे खूण करता येते. वर्डमध्ये पीडीएफ साठवताना `Options` मध्ये तसाच पर्याय आहे. या प्रकारात फॉन्ट फाइलीतच जातो, दुसऱ्या यंत्रावर तो नसला तरी चालतं. जुन्या फाइलीसाठी मी एका डीटीपीवाल्या भाऊंच्या जुन्या संगणकावर बसले. तिथे श्रीलिपी आणि इनपेज दोन्ही चालू होते. एका दुपारी शंभरावर फाइलींच्या पीडीएफ काढल्या. तुमच्या गावात असा जुना संगणक चालू आहे तोवर हे उरकून घ्या.

पीडीएफ नीट झाली का, हे त्याच संगणकावर बघून कळत नाही, कारण तिथे फॉन्ट असतोच. ती मोबाइलवर उघडून बघा. जोडाक्षरं आणि रफार जागच्या जागी दिसले की पास. इनपेजच्या पीडीएफमध्ये नुक्ते बघा.

एका कामाचं एक फोल्डर

आता माझ्याकडे प्रत्येक संपलेल्या कामाचं एकच फोल्डर असतं आणि त्याचं नाव बिलाच्या क्रमांकावर असतं. ग्राहकाचं नाव फोल्डरवर लिहीत नाही. लॅपटॉप मुलंही वापरतात, आणि कुणाच्या घरातला कोणता कागद माझ्याकडे आला हे त्यांना दिसायचं कारण नाही. काकांचं काम असं दिसतं:

```
2018-034_urd-mar_mahsul
   1_bill
   2_dilela
   3_mool
```

बिलाच्या कप्प्यात तीन गोष्टी: बिलाची पीडीएफ, पैसे आल्याचा पुरावा, आणि दर कसा ठरला तो मेल किंवा निरोपाचा फोटो. दुसऱ्या कप्प्यात दिलेली एकच फाइल. एकच म्हणजे एकच. नंतर दुरुस्त प्रत दिली असेल तर ती दुसरी, नावातच तारीख घालून, आणि का दुरुस्त केली त्याची एक ओळ. तिसऱ्या कप्प्यात मूळ कागदाचं ते स्कॅन, ज्यावरून शेवटचा अनुवाद झाला. काकांच्या बाबतीत ते कचेरीच्या नकलेचं स्कॅन. व्हॉट्सॲपचा धूसर फोटो तिथे राहिला तर पुढे कुणीतरी त्यातला १३४२ बघून पुन्हा वाद काढेल.

या सगळ्याची एक यादी एक्सेलमध्ये ठेवली आहे. बिल क्रमांक, तारीख, ग्राहकाचं नाव, गाव, कागदाचा प्रकार, रक्कम, पैसे कधी आले. नाव फक्त या यादीत असतं आणि यादीला पासवर्ड आहे. गावाच्या रकान्यात एक काळजी घ्यावी लागली. २०२३ पर्यंत मी ‘उस्मानाबाद’ लिहीत होते, नंतर ‘धाराशिव’. एक शब्द शोधला की अर्धीच कामं दिसायची. म्हणून जिल्ह्याऐवजी तालुका आणि गाव लिहिते, आणि शोध त्यावर घेते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला. म्हणून औसा-निलंग्याच्या जुन्या कागदांवरही जिल्हा उस्मानाबादच असतो. तालुका लिहिला की तो घोळही टळतो.

किती वर्षं?

बिलं किती वर्षं ठेवायची हे मला आमच्या कर सल्लागारांनी समजावलं. आयकराच्या तेव्हाच्या नियमात ज्यांना हिशेबाच्या वह्या ठेवाव्याच लागत त्यांच्यासाठी कर निर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षांची मुदत होती. लहान काम करणाऱ्याला ही सक्ती लागू नसली तरी तीच मोजणी धरावी असं त्यांचं म्हणणं. काकांचं बिल २०१८-१९ या वर्षातलं. त्याचं निर्धारण वर्ष २०१९-२०, ते ३१ मार्च २०२० ला संपलं. त्यापुढे सहा वर्षं म्हणजे ३१ मार्च २०२६. बिलाच्या तारखेपासून सहा वर्षं मोजली असती तर मी ते दीड वर्ष आधीच फाडलं असतं. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांच्यासाठी मुदत वेगळी आहे: वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने.

दिलेल्या अनुवादाला मात्र मी ही मुदत लावत नाही. बिलाचं काम कर खात्यापुरतं, अनुवादाचं काम कागद जिवंत असेतोवर. जमिनीचा दावा वीस वर्षं चालतो. महसूल आणि वक्फ जमिनीचे अनुवाद आणि त्यांचं मूळ स्कॅन मी ठेवूनच देते, आणि तसं ग्राहकाला सुरुवातीलाच सांगते.

काय काढून टाकायचं?

आता कच्चा माल. माझ्याकडे सर्वात जास्त जागा स्कॅनने खाल्ली होती. ए-फोर आकाराचं एक पान रंगीत, ६०० डीपीआयवर, न दाबता स्कॅन केलं तर ते १०० एमबीच्या आसपास जातं. अशी चाळीस पानांची मिसल म्हणजे चार जीबी. वाचताना ती बारकाई लागते, काम संपल्यावर ३०० डीपीआयची पीडीएफ पुरते. त्यापाठोपाठ कच्चे अनुवाद, ‘फायनल २’ सारख्या फाइली, प्रिंटसाठी काढलेल्या प्रती आणि शंका विचारायला पाठवलेले कापलेले फोटो.

अनुवादाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडे आणखी एक थर असतो. एका दवाखान्याची माहितीपत्रकं मी ओमेगाटीमध्ये केली होती. तिथे प्रत्येक प्रकल्पाच्या `omegat` फोल्डरमध्ये `project_save.tmx` ही फाइल असते, आणि तिच्या मागे `.bak` शेपटीच्या जुन्या प्रतींची रांग. त्या `.bak` खुशाल काढा. पण `project_save.tmx` मध्ये तुम्ही अनुवाद केलेलं प्रत्येक वाक्य मूळासह असतं. त्याच ग्राहकाचं काम पुन्हा आलं तर मेहनत वाचवणारी ती एकच फाइल, म्हणून ती `2_dilela` शेजारी ठेवते. मात्र एका ग्राहकाची वाक्यं दुसऱ्याच्या कामात ओतत नाही.

कच्चा माल टाकण्याआधी त्यातून एक गोष्ट मात्र काढून घ्यायची, ती म्हणजे शब्द. कच्च्या प्रतींच्या कडेला मी खुणा केलेल्या असतात: मुंतखब म्हणजे काय लिहायचं, ‘मश्रूत-उल-खिदमत’ इनामासाठी ‘सेवेच्या अटीवर दिलेलं इनाम’ हे कसं ठरलं, फसली महिन्यांचे क्रम. हे सगळं एका शब्दसूचीत उतरवते. शब्द ग्राहकाचे नसतात, ते माझ्या कामाचे असतात. नाव, गट क्रमांक, रक्कम मात्र सूचीत येता कामा नये.

सर्वात आधी काय टाकायचं? आधार, पासपोर्ट, निकाहनामा, तलाकनामा, दवाखान्याचे कागद, यांची स्कॅन. परदेशी कामाला जाणारी मुलं निकाहनाम्याचा अनुवाद करून नेतात आणि मग त्यांच्या घरातल्या बायकांची नावं, पत्ते, मेहरची रक्कम माझ्या लॅपटॉपवर पडून राहते. त्या माणसाने तो कागद एका कामासाठी विश्वासाने दिला होता. ती अमानत आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर भरपाई मी कशी करणार? २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती बाळगू नये. म्हणून अशा कामांचं मूळ स्कॅन पैसे आल्यानंतर तीन महिन्यांनी जातं. बिल राहतं आणि अनुवादाची शिक्क्याची एक प्रत राहते, तीही पासवर्ड घालून. ग्राहकाने ती ठेवू नका म्हटलं तर तीही नाही.

आणि कागदावरची मुळं? ती ठेवायचीच नाहीत. अस्सल मुंतखब किंवा जुना खासरा माझ्या घरात एक रात्रही राहणार नाही अशा बेताने स्कॅन करून परत देते आणि वहीत घेणाऱ्याची सही घेते.

टाकताना

‘डिलीट’ दाबलं म्हणजे गेलं असं नसतं. लॅपटॉपची रीसायकल बिन, मोबाइलची गॅलरी, व्हॉट्सॲपचा फोल्डर, मेलची जोडफाइल, गूगल ड्राइव्ह, डीटीपीच्या दुकानातला संगणक, अशा सहा ठिकाणी तोच निकाहनामा मला सापडला. दुकानातला विसरू नका, तिथे तो वर्षानुवर्षं डेस्कटॉपवर असतो. गूगल ड्राइव्हच्या कचऱ्यात फाइल तीस दिवस राहते, मग आपोआप जाते. उलटही होतं. लॅपटॉपवरचा फोल्डर ड्राइव्हशी जोडलेला असेल तर लॅपटॉपवरून पुसलेली फाइल ड्राइव्हवरूनही जाते. तिथली प्रत म्हणजे राखीव प्रत, असं समजून एका बहिणीने वर्षाची बिलं घालवली.

म्हणून मी एकदम पुसत नाही. टाकायचं सगळं `pusayche` नावाच्या फोल्डरमध्ये एक महिना ठेवते. ठेवायची फोल्डरं आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवते, डिस्क काढून पुन्हा लावते आणि त्यातल्या पाच फाइली उघडून बघते. उघडल्या तरच पुढे जाते. दुसरी डिस्क बहिणीच्या घरी तुळजापूरला आहे. दोन्ही डिस्कना पासवर्ड आहे आणि तो कुठे लिहिला आहे हे घरात एका माणसाला ठाऊक आहे.

हे वर्षातून एकदाच करते, विवरणपत्र भरून झाल्यावर. तोवर मार्चअखेरच्या बिलांचा कापलेला टीडीएस २६एएसमध्ये दिसू लागलेला असतो. तो दिसला नाही तर ते काम बंद करत नाही, कारण संस्थेशी पत्रव्यवहार करायला बिल आणि दिलेली प्रत हाताशी लागते.

आवरलं की एक परीक्षा घेते. यादीतला कोणताही एक बिल क्रमांक मुलाला निवडायला सांगते आणि ती दिलेली प्रत शोधून उघडते. परवा त्याने नेमका ०३४ निवडला. फोल्डर उघडलं, आत एकच फाइल होती, आणि सालाच्या जागी १३४३.